‘आय हॅवन्ट, बट शी हॅज’: छोट्या इंग्रजी उत्तरांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमळनेरला संध्याकाळी मी इंग्रजी बोलण्याचा वर्ग घेते. मुलं-मुली पारोळा, चोपडा, एरंडोलपासून येतात, काही रावेर-यावलकडचे शेतकरीही असतात. व्याकरणाची पुस्तकं बहुतेकांची पाठ असतात, पण समोरच्याने एक साधा प्रश्न विचारला की दोन शब्दांचं उत्तर देताना जीभ अडखळते. त्या दोन शब्दांबद्दल वर्गात पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. इंग्रजी वाक्यं मुद्दाम देवनागरीत दिली आहेत, म्हणजे ती डोळ्यांनी वाचण्याआधी तोंडाने म्हटली जातील.

‘आय हॅवन्ट, बट शी हॅज’ हे वाक्य अर्धवट नाही का? क्रियापद कुठे गेलं?

वाक्य पूर्ण आहे. एसटीच्या पासचं उदाहरण घेऊ. दोघी मैत्रिणींना कोणी विचारलं, ‘हॅव यू रिन्यूड युअर बस पास?’ त्यातली एक म्हणाली, ‘आय हॅवन्ट, बट शी हॅज.’ म्हणजे मी पास रिन्यू केलेला नाही, पण हिने केलाय. ‘रिन्यूड’ आणि ‘बस पास’ हे दोन्ही प्रश्नात येऊन गेलेत, ऐकणाऱ्याच्या कानात अजून ताजे आहेत. म्हणून इंग्रजी ते पुन्हा उच्चारत नाही. आपल्या व्याकरणाच्या भाषेत ते अध्याहृत आहेत.

मात्र ‘हॅव’ आणि ‘हॅज’ अध्याहृत ठेवता येत नाहीत. मुख्य क्रियापद, कर्म, वेळ, ठिकाण हे सगळं गेलं तरी चालतं, सहाय्यक क्रियापद जागेवर राहिलंच पाहिजे. काळ, होकार-नकार आणि कर्ता एक की अनेक, हे सगळं तेवढ्या एका शब्दावर उभं असतं.

मग आपल्याला हे जड का जातं? मराठीतही आपण शब्द गाळतोच की.

गाळतो, पण नेमकं उलटं गाळतो.

‘तू भुसावळला गेला आहेस का?’ असं विचारलं तर उत्तर येतं, ‘हो, गेलोय.’ ‘हो, आहे’ असं कोणी म्हणणार नाही. वर्गात मी हे मुद्दाम म्हणून दाखवते, तेव्हा मागच्या बाकावरून लगेच आवाज येतो, ‘मॅडम, काय आहे?’ मराठी माणसाला ‘गेलो’ ऐकायचं असतं, ‘आहे’ त्याला चिकटून ‘गेलोय’ होऊन येतं. म्हणजे आपण मुख्य क्रियापद ठेवतो आणि बाकीचं सोडतो. इंग्रजी ‘येस, आय हॅव’ म्हणतं, म्हणजे सहाय्यक ठेवतं आणि ‘गॉन टू भुसावळ’ सोडून देतं.

घरी अहिराणी बोलणाऱ्यांना एक आधार आयताच मिळतो. ‘अण्णा घर मा शे का?’ ‘शे.’ इथे ‘शे’ एकटाच उभा राहतो, कारण त्या वाक्यात दुसरं क्रियापदच नाही. इंग्रजीत ‘इज अण्णा ॲट होम?’ ‘ही इज’ हेही तसंच. त्यामुळे ‘इज’ची उत्तरं आपल्या मुलांना पटकन जमतात. गाडी अडते ती जिथे सहाय्यक आणि मुख्य अशी दोन क्रियापदं असतात तिथे.

नकार-होकार जोडताना हे आणखी स्पष्ट दिसतं. ‘मी नाही, पण ती गेलीय.’ या वाक्याचा पहिला अर्धा भाग इंग्रजीशी बराच जुळतो, कारण आपला ‘नाही’ एकट्याने नकार पेलतो. दुसऱ्या अर्ध्यात आपण ‘गेलीय’ म्हणतो, ‘पण ती आहे’ म्हटलं तर अर्थच बदलतो. म्हणून वर्गात पहिल्या आठवड्यात ऐकू येणारं वाक्य असतं ‘आय नॉट, बट शी गॉन’. बोलणाऱ्याने शब्दन्‌शब्द मराठीतून आणलेला असतो आणि ठेवायचे दोन्ही शब्द नेमके गळालेले असतात.

उत्तरात कोणता शब्द ठेवायचा हे बोलता बोलता कसं ठरवायचं?

प्रश्नाचा पहिला शब्द पकडा. हो-नाहीच्या प्रश्नात इंग्रजी सहाय्यक क्रियापद सर्वांत पुढे ठेवतं आणि छोट्या उत्तरात तेच सर्वांत शेवटी येतं. ‘कॅन यू ड्राइव्ह अ ट्रॅक्टर?’ ‘येस, आय कॅन.’ ‘विल दे कम ऑन मंडे?’ ‘नो, दे वोन्ट.’ ‘हॅज युअर सिस्टर अप्लाइड?’ ‘शी हॅज.’

कर्ता बदलला की शब्दाचं रूप बदलतं, शब्द तोच राहतो. ‘आर यू’ विचारलं की उत्तर ‘आय ॲम’, ‘हॅव यू’ विचारलं आणि उत्तर बहिणीबद्दल असलं की ‘शी हॅज’. ‘आय हॅवन्ट, बट शी हॅव’ ही चूक इथूनच होते. बोलणारा प्रश्नातला ‘हॅव’ जसाच्या तसा उचलतो, कर्ता बदलला हे त्याच्या लक्षात राहत नाही.

विनंती किंवा आग्रहाच्या प्रश्नांना ही युक्ती लावू नका. ‘वुड यू लाइक सम टी?’ याला ‘येस, प्लीज’ म्हणायचं. ‘येस, आय वुड’ व्याकरणाने बरोबर आहे, पण चहा पुढे करणाऱ्या माणसाला ते कोरडं लागतं.

‘डू यू लाइक भरीत?’ याला ‘येस, आय लाइक’ का चालत नाही?

कारण ‘लाइक’ला कर्म लागतंच. हिवाळ्यात शेतात भरीत आणि कळण्याच्या भाकरीचा बेत असतो, कोणी पाहुणा विचारतो, ‘आवडतं का?’ आणि आपण ‘आवडतं’ एवढंच म्हणतो. मराठीत तो एक शब्द पुरतो. इंग्रजीत ‘येस, आय लाइक’ ऐकणारा पुढच्या शब्दाची वाट बघत राहतो. एक तर ‘आय लाइक इट’ म्हणा, नाही तर ‘आय डू’.

‘डू’ हा शब्द इथे काही करणं सांगत नाही. साध्या वर्तमानकाळात आणि साध्या भूतकाळात होकारार्थी इंग्रजी वाक्यात सहाय्यक नसतोच, ‘आय लाइक भरीत’मध्ये बघा. मग छोट्या उत्तरात ठेवायचं काय? ती रिकामी जागा भरायला ‘डू, डज, डिड’ येतात. ‘माय ब्रदर डझन्ट ईट ब्रिंजल, बट आय डू.’ ‘शी डिडन्ट गो टू जळगाव, बट वी डिड.’

‘डिड यू गो?’ याला ‘येस, आय वेन्ट’ म्हटलं तर ते चूक ठरत नाही, कारण ‘वेन्ट’ला कर्माची गरज नाही. पण त्यात आपलं ‘हो, गेलो’ तसंच्या तसं ऐकू येतं. मी विद्यार्थ्यांना ‘आय डिड’चीच सवय लावते, कारण ती प्रत्येक क्रियापदाला चालते.

‘येस, आय’व्ह’ आणि ‘येस, शी’ज’ असं आखूड करून म्हणता येतं का?

नाही. होकारार्थी उत्तरात सहाय्यक शेवटी आला की तो पूर्णच म्हणावा लागतो: ‘येस, आय हॅव’, ‘येस, शी हॅज’, ‘येस, आय ॲम’. पुढचे शब्द गळाले की त्यांचा सगळा भार त्या शेवटच्या शब्दावर येतो, त्याच्यावर आघात पडतो. आघात पडलेला शब्द इंग्रजीत आखडत नाही.

‘नो, आय हॅवन्ट’ मात्र बिनधास्त म्हणा, तिथे ‘हॅव’ शाबूत आहे आणि ‘नॉट’ आखडलाय. ‘नो, आय’म नॉट’सुद्धा चालतं, कारण ‘ॲम’ शेवटी नाही, त्याच्यामागे ‘नॉट’ उभा आहे. कानाला तपासायचं असेल तर ‘आय’व्ह’ म्हणून थांबून बघा. आवाज हवेत लटकलेला राहतो.

‘यू हॅवन्ट डन इट, हॅव यू?’ असं विचारलं तर येस म्हणायचं की नो?

या प्रश्नावर मी सगळ्यात जास्त वेळ देते, कारण इथे चूक झाली तर नुकसान होतं.

चोपड्याकडची एक मुलगी नर्सिंग झाल्यावर एका मोठ्या शहरातल्या रुग्णालयाला फोनवर मुलाखत देत होती. बाकी सगळं छान झालं. शेवटी पलीकडच्या बाई म्हणाल्या, ‘यू हॅवन्ट रजिस्टर्ड विथ द काउन्सिल येट, हॅव यू?’ तिची नोंदणी झालेली होती. ती म्हणाली, ‘नो मॅडम, आय डन.’ मराठीत विचार करून बघा: ‘तुझी नोंदणी अजून झाली नाही ना?’ ‘नाही मॅडम, केलीय.’ आपल्या ‘नाही’चा अर्थ इथे ‘तुम्ही म्हणता तसं नाही’ असा होतो. पलीकडे मात्र ‘नो’ ऐकू आलं, आणि इंग्रजीत त्या ‘नो’चा अर्थ ‘नो, आय हॅवन्ट’ असाच होतो. ‘आय डन’ फोनच्या खरखरीत विरून गेलं. तिच्या नावापुढे नोंदणी बाकी असल्याचा शेरा पडला. प्रमाणपत्राची प्रत पाठवून तो दुरुस्त करण्यात तिचे बरेच दिवस गेले.

तिला फक्त ‘येस, आय हॅव’ म्हणायचं होतं.

मराठीत ‘हो’ आणि ‘नाही’ बहुधा समोरच्याच्या बोलण्याला दिले जातात: तुझं खरं, किंवा तुझं खरं नाही. इंग्रजीत ‘येस’ आणि ‘नो’ वस्तुस्थितीला दिले जातात. प्रश्न कसाही फिरवून विचारला तरी काम झालं असेल तर ‘येस, आय हॅव’, झालं नसेल तर ‘नो, आय हॅवन्ट’. ‘येस’च्या मागे ‘नॉट’ येत नाही आणि ‘नो’च्या मागे नकार नसलेला सहाय्यक येत नाही. म्हणून ‘येस, आय हॅवन्ट’ हे आपल्याकडे सर्रास ऐकू येणारं उत्तर ऐकणाऱ्याला गोंधळात टाकतं.

घाई झाली आणि ‘येस’ की ‘नो’ हे सुचेना, तर दोन्ही सोडा आणि नुसतं ‘आय हॅव’ किंवा ‘आय हॅवन्ट’ म्हणा. सहाय्यक क्रियापद एकट्याने सगळं सांगतं. त्या मुलीने तेवढंच म्हटलं असतं तरी काम भागलं असतं.

दोन वाक्यं जोडताना काळ बदलला तरी क्रियापद गाळता येतं का?

बहुतेक वेळा येतं. ‘आय हॅवन्ट पेड द लाइट बिल, बट आय विल.’ पहिल्या भागात ‘पेड’ आहे, दुसऱ्यात गाळलेला शब्द ‘पे’ आहे. रूप वेगळं असलं तरी इंग्रजी माणूस ते मनातल्या मनात जुळवून घेतो. ‘शी नेव्हर कॉम्प्लेन्स, बट टुडे शी डिड’ हेही चालतं.

‘बी’ या क्रियापदाला ही सवलत नाही. ‘माय फादर वॉजन्ट ॲट द मार्केट टुडे, बट ही विल टुमॉरो’ हे चुकलं. ‘वॉज’ मधून ‘बी’ आपोआप निघत नाही, ते तोंडाने म्हणावं लागतं: ‘बट ही विल बी टुमॉरो.’ अनेक वर्षं इंग्रजी बोलणारेही इथे ‘बी’ खातात. पहिल्या भागात ‘इज, ॲम, आर, वॉज, वेअर’ दिसले आणि दुसऱ्या भागात ‘विल, कॅन, शुड’ आले की ‘बी’ जोडायचं, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

उलट्या बाजूने एक चूक होते, ती इंग्रजी मातृभाषा असलेलेही करतात. ‘आय हॅव नेव्हर अँड विल नेव्हर सेल दॅट लँड.’ ऐकायला जोरदार वाटतं, पण ‘सेल’ दोन्ही सहाय्यकांना पुरत नाही. ‘विल नेव्हर सेल’ ठीक आहे, ‘हॅव नेव्हर सेल’ मोडतं, तिथे ‘सोल्ड’ हवं. मराठीत ही अडचण येतच नाही, कारण आपण ‘ती जमीन विकली नाही, विकणारही नाही’ असं प्रत्येक रूप स्वतंत्र म्हणतो. इंग्रजीत उपाय सोपा आहे. पहिला भाग पूर्ण करा आणि मग गाळा: ‘आय हॅव नेव्हर सोल्ड दॅट लँड, अँड आय नेव्हर विल.’ क्रियापद आधी एकदा म्हटलेलं असलं की मागचं जुळवून घेतलं जातं. जे अजून म्हटलंच नाही, ते जुळवता येत नाही.

कधी कधी सहाय्यकच गाळलेला दिसतो. ते कसं?

कर्ता एकच असेल आणि दोन्ही क्रियापदं एकाच रूपात असतील तर पहिला सहाय्यक दोघांना पुरतो. ‘दे हॅव कट द बंचेस अँड लोडेड द ट्रक.’ घड कापलेत आणि ट्रक भरलाय. दुसरा ‘हॅव’ नको. पण ‘दे हॅव कट द बंचेस अँड लोडिंग द ट्रक’ म्हटलं तर चुकलं, कारण ‘लोडिंग’ला ‘हॅव’ लागत नाही, ‘आर’ लागतो. तिथे ‘अँड आर लोडिंग’ म्हणायला हवं.

कर्ता बदलला तर मी सांगते, सहाय्यक पुन्हा म्हणा. ‘द मेन हॅव कट द बंचेस अँड द विमेन वॉश्ड देम’ यात बायकांनी घड आत्ता धुतलेत की तेव्हा कधीतरी धुतले, हे कळत नाही. ‘द विमेन हॅव वॉश्ड देम’ म्हटलं की शंका उरत नाही.

दोन-तीन सहाय्यक एकत्र आले तर किती ठेवायचे?

पहिला ठेवावाच लागतो, पुढचे ऐच्छिक. ‘कुड ही हॅव मिस्ड द बस?’ याला ‘ही कुड हॅव’ म्हणा. ‘हॅज द फॉर्म बीन ॲक्सेप्टेड?’ याला ‘इट हॅज’ पुरतं. ब्रिटिश माणसाकडून ‘ही माइट हॅव डन’ असं ऐकू आलं तर दचकू नका. तो शेवटी एक ‘डन’ जोडतो, अर्थ तोच राहतो.

‘डू यू हॅव ॲन आधार कार्ड?’ याला ‘येस, आय हॅव’ म्हटलं तर?

आपल्याकडे सगळे असंच म्हणतात आणि कामही होतं. पण इथे ‘हॅव’ म्हणजे जवळ असणं, ते मुख्य क्रियापद आहे. सहाय्यक प्रश्नाच्या सुरुवातीला आहे, ‘डू’. म्हणून ‘येस, आय डू’. प्रश्न ‘हॅव यू गॉट ॲन आधार कार्ड?’ असा आला तर मात्र ‘येस, आय हॅव’च बरोबर. दोन्ही वेळा प्रश्नाचा पहिला शब्दच उत्तर सांगतो.

‘मीपण’ आणि ‘मीपण नाही’ कसं म्हणायचं?

‘सो हॅव आय’ आणि ‘नायदर हॅव आय’. इथे सहाय्यक कर्त्याच्या आधी उडी मारतो, पण निवडायचा तसाच. ‘आय कान्ट स्विम.’ ‘नायदर कॅन आय.’ ‘आय ऑल्सो नॉट’ सोडून द्या.

गाळल्यामुळे अर्थ संदिग्ध होतो का?

क्वचित होतो. ‘आय हॅव कॉल्ड माय मदर, अँड सुनीता हॅज टू.’ सुनीताने माझ्या आईला फोन केला की स्वतःच्या? दोन्ही अर्थ निघतात. मराठीतही ‘मी माझ्या आईला फोन केला, सुनीतानेही’ म्हटलं की तोच पेच राहतो. फरक पडणार असेल तिथे ‘अँड सुनीता हॅज कॉल्ड हर ओन मदर’ असं पूर्ण म्हणावं.

एखादा पूर्ण संवाद देता का?

देते. हा आम्ही वर्गात रावेरच्या एका केळी उत्पादकासाठी तयार केला. निर्यातीचा माल घ्यायला मुंबईहून येणारा माणूस इंग्रजीतच बोलतो, त्याच्यासमोर बागेत उभं राहून उत्तरं द्यायची होती.

‘हॅव यू बॅग्ड द बंचेस?’ म्हणजे घडांना स्कर्टिंग बॅग घातल्या का?

‘आय हॅवन्ट, बट माय ब्रदर हॅज.’

‘डिड ही डू इट बिफोर द रेन?’

‘ही डिड.’

‘यू हॅवन्ट स्प्रेड धिस वीक, हॅव यू?’

‘नो, वी हॅवन्ट.’

‘वेअर द बंचेस रेडी लास्ट वीक?’

‘दे वेअरन्ट, बट दे विल बी बाय फ्रायडे.’

पहिल्या सरावाला ते दुसऱ्या ओळीत ‘आय नॉट बॅग, ब्रदर बॅग’ म्हणाले, आणि फवारणीच्या प्रश्नाला ‘येस’. फवारणी झालेली नव्हती. ‘हो, नाही केली’ असं त्यांच्या मनात होतं, पण ऐकणाऱ्याने ‘केली’ असं लिहून घेतलं असतं आणि घड तिथेच नाकारले गेले असते. मग आम्ही ‘येस’ आणि ‘नो’ दोन्ही काढून टाकले आणि चार दिवस प्रश्नातल्या सहाय्यकावरच उत्तरं दिली: हॅवन्ट, हॅज, डिड, हॅवन्ट. ते रुळल्यावर ‘नो’ परत आणला. शेवटच्या ओळीतलं ‘विल बी’ मात्र सर्वांत उशिरा बसलं. ‘दे विल बाय फ्रायडे’ असंच त्यांच्या तोंडून निघायचं, आणि प्रत्येक वेळी मी त्यांना ‘वेअरन्ट’पासून पुन्हा म्हणायला लावायचे.